फूड प्रोसेसर कणीक मळताना सारखा बंद पडतोय? आधी हे तपासा (किसण्याच्या तक्रारीही घेतल्यात)

आमचं घरगुती मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, वडील मोटरी बघतात आणि मी गिऱ्हाईकाशी बोलते, त्यामुळे ही तक्रार रोज कानावर येते. "ताई, फूड प्रोसेसर बाकी सगळं करतो पण कणीक मळायला घेतली की मिनिटभरात बंद पडतो, मग थोड्या वेळाने परत चालू होतो, परत बंद." यातल्या बऱ्याच मशीनमध्ये बिघडलेलं काहीच नसतं, आम्ही उघडून पुसून परत देतो आणि आठ दिवसांनी तेच मशीन परत येतं, कारण घरी कणीक तशीच मळली जातेय. म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवते, ज्यांना गरज आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा कारण किसण्याचा भाग पण याच्याशीच जोडलेला आहे.

पहिली गोष्ट, बंद पडला म्हणजे नक्की काय झालं ते बघा, कारण "बंद पडला" या एका वाक्यात तीन वेगळे प्रकार येतात आणि तिघांचे उपाय वेगळे.

एक प्रकार असा की मशीन एकदम गप्प होतं, आवाज नाही, काही नाही, लाईट गेल्यासारखं. हा ओव्हरलोडचा स्विच उडाला, म्हणजे भार जास्त झाला की मोटर वाचवायला आपोआप बंद करणारा स्विच. मशीन उलटं केलंत की तळाला एक छोटं बटण दिसतं, बहुतेक वेळा लाल रंगाचं, ते बाहेर आलेलं असतं. काही मशीनमध्ये बटण नसतं, थंड झालं की आपोआप चालू होतं.

दुसरा प्रकार म्हणजे मोटरचा आवाज येतोय, उलट जास्तच मोकळा आणि उंच येतोय, पण भांड्यात पातं फिरत नाही किंवा अडखळत फिरतं. इथे मोटर बरोबर आहे, तिचा जोर पात्यापर्यंत पोचत नाहीये. मोटर आणि पात्याचा दांडा जोडणारा खालचा कपलर झिजलाय किंवा ज्या मशीनमध्ये भांडं बाजूला बसतं आणि खालून पट्टा असतो तिथे पट्टा घसरतोय. जळक्या रबरासारखा वास येतो आणि कपलरच्या आजूबाजूला काळी भुकटी सापडते. याला लाल बटण दाबून काही होणार नाही, पार्ट बदलायचा, आणि हे दोन्ही पार्ट मोटरच्या मानाने फारच स्वस्त असतात.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, मोटर नुसती घुं करते आणि काहीच फिरत नाही. या क्षणी स्विच बंद करायचा, "बघू सुटतंय का" म्हणून दाबून धरायचं नाही. मोटर अडकलेली असताना सगळ्यात जास्त करंट ओढते आणि ती फिरत नसल्यामुळे तिचा स्वतःचा पंखा पण फिरत नाही, म्हणजे तापणं सर्वात जास्त आणि वारा शून्य. काही सेकंदात वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या गुंडाळीचं, वार्निश जळल्याचा वास येतो, तो वास एकदा आला की पुढे त्या मोटरचा भरवसा कमी.

आता हे कणकेच्याच वेळी का होतं, चटणीला किंवा गाजराला का होत नाही, ते सांगते कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. या मशीनमधली मोटर अशी असते की भार वाढला की तिची गती कमी होते, आणि गती जितकी कमी तितका ती करंट जास्त ओढते. तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे मोटर हळू झाली की पंखा पण हळू. म्हणजे जेव्हा उष्णता जास्त तयार होते नेमका तेव्हाच वारा कमी मिळतो. चटणी वाटताना मोटर जोरात पळत असते, तिला वारा भरपूर. कणकेत मात्र ती सतत दबलेली असते, खास करून पिठाचा गोळा व्हायला लागला की, कारण तोवर पातं सुटं पीठ ढवळत असतं आणि गोळा झाल्यावर तो अख्खा गोळा ओढत फिरवावा लागतो. सगळा ताण त्या शेवटच्या वीस-तीस सेकंदात आहे. तुम्ही कानाने पण ओळखू शकता, आवाज वरून खाली उतरतो, जड होतो, आणि मशीन ओट्यावर थरथरायला लागतं. तो आवाज उतरला की मोजून थोडाच वेळ हातात आहे असं समजा.

लाल बटणाबद्दल एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. तो स्विच छोटा असतो, तो लवकर थंड होतो आणि पाच मिनिटांत बटण परत आत बसतं. पण मोटरची तांब्याची गुंडाळी आत दाट भरलेली असते, ती इतक्या लवकर थंड होत नाही. म्हणून "बटण बसलं म्हणजे मोटर तयार" असं नसतं. एकदा उडाल्यावर प्लग काढा, भांड्यातली कणीक कमी करा, किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग बटण दाबा. एकाच संध्याकाळी तीन-चार वेळा बटण दाबून तीच कणीक पुरी करायची म्हणजे गरम मोटर अजून गरम करायची, आमच्याकडे जळून आलेल्या मोटरींमध्ये हीच गोष्ट सारखी ऐकायला मिळते.

आता पात्याकडे येऊ.

बॉक्समधून दोन पाती मिळतात जी आकाराने साधारण सारखीच असतात, एक स्टीलचं धारदार, एक प्लास्टिकचं जाड बोथट. स्टीलचं चिरायला-बारीक करायला, प्लास्टिकचं मळायला. बोथट पातं पिठाला ढकलतं, दाबतं, दुमडतं, तेच आपण हाताने करतो. धारदार पातं कणीक कापत जातं आणि घर्षणाने ती कोमट करतं, मग पोळी लाटताना ती चिवट तरी लागते नाहीतर तुटत तरी राहते. पण याला एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणांना अडवतो. दोघांच्याच पोळ्या असतील, वाटी-दीड वाटी पीठ असेल, तर प्लास्टिकचं पातं त्या पिठापर्यंत नीट पोचतच नाही, मधल्या भागात फिरत राहतं आणि कडेला कोरडं पीठ तसंच. अशा वेळी लोक मशीन जास्त वेळ चालवतात आणि वरून पाणी वाढवतात, दोन्ही चूक. इतक्या थोड्या पिठाला एकतर स्टीलचं पातं लावून अगदी थोडा वेळ थांबत-थांबत फिरवा, किंवा खरं सांगायचं तर हाताने मळा, लवकर होतं.

पात्याचीच अजून एक गंमत नाही तर खरी अडचण. प्लास्टिकच्या पात्याला मधोमध पोकळ नळी असते जी दांड्यावर बसते. धुताना त्या नळीत कणीक राहते, सुकून दगड होते, आणि पुढच्या वेळी पातं दांड्यावर पूर्ण खाली बसत नाही, एक-दोन मिलिमीटर वर राहतं. मग ते झाकणाला घासतं, खर्र आवाज येतो आणि मोटरवर विनाकारण भार पडतो. "पातं घासतंय" म्हणून येणाऱ्या मशीनचं मी आधी हेच बघते, बांबूची काडी घालून आतली कणीक काढली की काम झालं. धुताना गरम पाणी नको, गरम पाण्याने कणीक अजून चिकट होऊन बसते, साध्या गार पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने काढा. आणि प्लास्टिकच्या पात्याची कड तुटलेली, खरवडलेली दिसली तर ते फेकून द्या, त्याचे कण पोळीत जातात.

पिठाचं माप आणि पाणी

पुस्तिकेत मळायची मर्यादा दिलेली असते, घरगुती मशीनमध्ये ती बऱ्याचदा अर्धा किलोच्या आसपास असते. ती मर्यादा कोरड्या पिठाची आहे आणि पोळीच्या मऊ कणकेची आहे, हे दुसरं लक्षात घ्या. पुरीची कणीक घट्ट, तिला तीच मर्यादा लावली तर मोटर दमणारच. पुरी, शंकरपाळे, करंजीची पारी असलं घट्ट काही असेल तर मर्यादेच्या अर्ध्यावर या. भाकरीचं पीठ यात घालूच नका, ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते, ते भांड्याला चिकटून बसतं आणि पातं मधल्या पोकळीत फिरत राहतं, त्याला तळहाताचाच दाब लागतो.

पाण्याचं माप पोळीसाठी साधारण असं धरा, १०० ग्रॅम पिठाला ६० ते ६५ मिली. गिरणीतून दळून आणलेलं पीठ अजून थोडं जास्त पाणी पितं, ७० पर्यंत पण जातं, गव्हावर आहे. मैद्याला कमी लागतं. वाटीने मोजत असाल तर तुमची वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा हो, प्लीज, कारण कुणाची वाटी ११० ग्रॅमची असते आणि कुणाची १६० ची आणि दोघी म्हणतात "मी चारच वाट्या घातल्या".

पाणी कमी पडलं की काय होतं ते बघा. पीठ रव्यासारखं सुटं राहतं, मग घट्ट ढेकळं होतात, ती पात्याखाली अडकतात, मशीन ओट्यावर उड्या मारायला लागतं. अशा वेळी बंद करा, एक चमचा पाणी घाला, परत पाच सेकंद. पाणी जास्त झालं तर उलट, कणीक भांड्याला लेप मारल्यासारखी चिकटते, गोळा होतच नाही, आणि आवाज जड होतो. तेव्हा वरच्या नळीतून एकेक मोठा चमचा कोरडं पीठ सोडा. लोकांना वाटतं सैल कणीक मोटरला हलकी, पण फार सैल आणि चिकट कणीक पण ओढते. हलकी असते ती मधली, मऊ पण भांडं सोडणारी.

पद्धत म्हणाल तर मी अशी करते. पीठ आणि मीठ आधी भांड्यात, पाच सेकंद कोरडंच फिरवायचं म्हणजे मीठ सगळीकडे जातं. मग मशीन चालू असताना नळीतून पाणी बारीक धारेने, एकदम ओतायचं नाही. पुस्तिकेत मळायला जो नंबर दिलाय तोच, बहुतेक ठिकाणी १. कोरडं पीठ दिसेनासं झालं, ओबडधोबड गठ्ठे झाले की बंद. गोळा व्हायची वाट बघू नका. इथे झाकण ठेवून दहा मिनिटं सोडून द्या, तोवर भाजी फोडणीला टाका. या दहा मिनिटांत पीठ पाणी शोषतं आणि कणकेतली ओढ आपसूक तयार होते, कुणी मळत नसताना. मग चमचाभर तेल घालून वीस-पंचवीस सेकंद फिरवलं की गोळा होतो आणि भांडं स्वच्छ सुटतं. सलग नव्वद सेकंद मोटर दाबण्याऐवजी तुम्ही तिला दोन तुकड्यांत निम्म्याहून थोडं जास्तच काम देता आणि मधे दहा मिनिटांची विश्रांती. माझ्या मते या सगळ्या पोस्टमधली हीच एक गोष्ट केलीत तरी अर्ध्या तक्रारी संपतील.

गोळा झाल्यावर "अजून जरा मऊ होऊ दे" म्हणून फिरवत ठेवू नका. मऊपणा मुरल्यावर येतो, फिरवून येत नाही, फिरवून फक्त मोटर आणि कणीक दोन्ही तापतात. हात लावून बघा, कणीक कोमट लागत असेल तर जास्त झालं.

आता एक खरी केस सांगते म्हणजे आकडे डोळ्यासमोर येतील. सांगलीजवळच्या एका गावातल्या वहिनी, घरात सात माणसं, ६०० वॉटचं मशीन, पुस्तिकेत मर्यादा ५०० ग्रॅम. तक्रार अशी की सकाळी चालतो, संध्याकाळी हमखास बंद पडतो. आम्ही दुकानात रिकामा चालवला, छान चालला. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे आणि झिजत जाणारे कार्बन ब्रश बघितले, भरपूर शिल्लक. कपलर ठीक. मग वडील म्हणाले वहिनी उद्या तुमचं पीठ आणि तुमची वाटी घेऊन या आणि इथेच मळून दाखवा.

त्यांनी नेहमीसारख्या सहा वाट्या घातल्या, मी काट्यावर ठेवलं तर ७८० ग्रॅम. पाणी त्यांनी तांब्यातून एकदम ओतलं, तांब्या आधी आणि नंतर मोजला तर साधारण ४०० मिली गेलं होतं. म्हणजे १०० ग्रॅमला ५१ मिली, ही पुरीची कणीक झाली, पोळीची नाही, आणि ती पण मर्यादेच्या दीडपट. त्या पुढे हाताने पाणी लावून मऊ करायच्या त्यामुळे त्यांना पाणी कमी पडतंय हे कधी जाणवलंच नाही. मशीनला मात्र सगळ्यात घट्ट टप्पा सोसायला लागायचा.

मग सकाळी का चालायचं? विचारलं तर सकाळी फक्त डब्याच्या पोळ्या, चारच वाट्या, म्हणजे ५२० ग्रॅम, काठावर. आणि संध्याकाळी त्यांच्याकडे व्होल्टेज पडतं, ट्यूबलाईट मिचमिचते असं त्याच म्हणाल्या, शिवाय ओट्यावरचा प्लग बिघडल्यामुळे हॉलमधून लांबलचक बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणलेला. व्होल्टेज कमी असलं की मोटर तोच भार अजून हळू ओढते, पंखा अजून मंद. तीन गोष्टी एकत्र आल्या, पीठ जास्त, पाणी कमी, व्होल्टेज कमी, आणि स्विच उडाला. तो उडाला हेच बरं झालं, तो नसता तर मोटर गेली असती.

उपाय काय केला तर पीठ दोन भागांत विभागलं, ४०० आणि ३८०. पहिल्याला २६० मिली पाणी, मोजपात्राने, धारेने. पस्तीस-चाळीस सेकंदात गठ्ठे झाले, बंद. ते गठ्ठे एका परातीत काढून झाकले आणि भांडं न धुता लगेच दुसरं पीठ २४५ मिली पाण्याने तसंच गठ्ठे होईपर्यंत. या टप्प्यात ताण नसतोच म्हणून लागोपाठ चालतं. मग दहा मिनिटं थांबून दुसरा गठ्ठा तेल घालून पंचवीस सेकंद, काढला, पाच-सात मिनिटं मोटरला मोकळं सोडलं, मग परातीतला पहिला पंचवीस सेकंद. मशीनच्या तळाला हात लावला तर कोमट होतं, चटका नव्हता. तीस-एक पोळ्यांची कणीक झाली. घरी गेल्यावर त्यांनी प्लग दुरुस्त करून घेतला, बोर्ड काढून टाकला. त्यानंतर ते मशीन बंद पडायच्या तक्रारीने आमच्याकडे आलेलं नाही.

ज्यांच्या पुस्तिकेत "३० मिनिटं रेटिंग" असं काही लिहिलंय त्यांनी त्याचा अर्थ सलग अर्धा तास असा घेऊ नये. बऱ्याच पुस्तिकांत खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं की ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद अशा पाळ्या. आणि ते पण सर्वसाधारण कामासाठी, कणकेसाठी वेगळी वेळ दिली असेल तर तीच धरायची. परदेशात इथलं मशीन घेऊन गेलेल्यांचे पण फोन येतात, अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात आणि कणकेला रडतं. तिथे ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॉटइतकाच घेतलेला असतो, तो ताणाच्या वेळी पुरत नाही, निदान दुप्पट क्षमतेचा घ्या.

किसण्याच्या तक्रारी

किसताना मोटर सहसा थकत नाही, इथे तक्रार वेगळी असते, "किसाऐवजी लगदा झाला, पाणी सुटलं." त्यामागे मला सारखी तीन कारणं दिसतात. गती जास्त, दट्ट्यावर जोर जास्त, आणि चुकीची चकती.

चकत्या आधी नीट बघा. काप करायची चकती वेगळी, तिला एक लांब पातं असतं. किसायची चकती भोकांची, आणि तिच्यात बारीक-जाड असे दोन प्रकार. काही मशीनमध्ये एकाच चकतीच्या एका बाजूला काप आणि दुसऱ्या बाजूला कीस असतो, ती उलटी बसली तर किसाऐवजी काप येतात. एकाच बाजूची चकती उलटी बसली तर भाजी कापलीच जात नाही, वर नुसती घासत राहते आणि मोटर ओढते. जी बाजू वापरायची तिच्या भोकांच्या धारा वर आल्या पाहिजेत, बोट नका लावू, नजरेनेच बघा. हलव्याला जाड, कोशिंबिरीला बारीक. कोबीला किसायची चकती लावू नका, पाणी-पाणी होतो, त्याला कापाची चकती. ओलं नारळ चकतीवर नको, खोबऱ्याचे छोटे तुकडे करून स्टीलच्या पात्याने थांबत-थांबत फिरवा. उकडलेला बटाटा तर अजिबात नाही, चिकट गोंद होतो, तो हाताच्या किसणीवर. गूळ, बर्फ, आख्खी हळकुंडं हे चकतीचं काम नाही, धार जाते आणि चकती वाकली की मग कायमची झाकणाला घासते.

गाजराचा लांब कीस हवा असेल तर गाजर नळीच्या रुंदीएवढं कापून आडवं घाला. उभं घातलं तर कीस आखूड येतो, कोशिंबिरीला चालतो पण हलव्यात विरून जातो. थंडीतली लाल गाजरं रसाळ असतात, ती किसायच्या आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवली तर कडक राहतात आणि कीस सुटा येतो. दट्ट्यावर नुसता हात ठेवायचा, वजन टाकायचं नाही, चकती स्वतः ओढून घेते. जोरात दाबलं की तुकडा तिरका होऊन चकती आणि झाकणामध्ये पाचरीसारखा बसतो आणि तीच ती घुं करून अडकण्याची वेळ येते. तसं झालं तर स्विच बंद, प्लग बाहेर, मगच झाकण उघडायचं. दट्ट्याऐवजी बोट किंवा चमचा कधीच नाही, आणि झाकण लॉक न होता मशीन चालावं म्हणून काडी अडकवून ठेवणारे पण बघितलेत, ते कृपा करून करू नका, चकती थांबायला एक-दोन सेकंद घेते आणि तेवढ्यात बोट जातं.

शेवटी चकतीवर चपटा तुकडा राहतोच, तो दोष नाही. चकती आणि झाकणात तेवढी फट ठेवावीच लागते. तो काढून कोशिंबिरीत चिरून घाला.

एक गोष्ट मात्र लक्ष ठेवण्यासारखी आहे. दोन किलो गाजर एका दमात किसायला घेतलं की कीस चकतीच्या खाली साठत जातो, चकतीला टेकतो, तिला खालून वर ढकलतो. मग तोच कीस परत परत घासला जाऊन त्याचा लगदा होतो आणि मोटरचा आवाज उतरतो. लोक म्हणतात पहिला किलो छान आला आणि नंतर बिघडला, ते याचमुळे. भांडं पाऊण भरलं की रिकामं करा. तेवढ्यात मोटरलाही वारा मिळतो.

ज्या दिवशी किसणं आणि मळणं दोन्ही आहे त्या दिवशी आधी किसा. किसायला ताण कमी, मोटर जवळपास गारच राहते, भांडं फक्त पुसायला लागतं. उलट केलंत तर मोटर आधीच तापलेली आणि भांड्याला कणीक चिकटलेली, ती किसात येते.

दुधीच्या थेपल्यांना हा क्रम तर फारच उपयोगी पडतो, पण तिथे एक फसगत आहे. अडीचशे ग्रॅम दुधी जाड चकतीवर किसला, पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवला की बरंच पाणी सुटतं, दुधी कोवळा असेल तर लवकर. लोक कीस तसाच पिठात घालून वरून नेहमीचं पाणी घालतात, सुरुवातीला कणीक छान वाटते, मग मशीनमध्ये फिरताना दुधी पाणी सोडत जातो आणि पाच मिनिटांनी चिखल. म्हणून कीस पिळून घ्या, ते पाणी मोजपात्रात धरा, ३०० ग्रॅम पिठाला आधी तेच पाणी वापरा आणि पिळलेला कीस पण घाला. साधं पाणी सुरुवातीला घालूच नका. फिरवून बघा, कोरडं राहिलं तरच चमच्या-चमच्याने. पिठात मसाल्याबरोबर परत पूर्ण मीठ घालू नका, किसाला लावलेलं त्याच पाण्यातून आलेलं असतं. आणि या कणकेला दहा मिनिटांची विश्रांती देऊ नका, ही कणीक अशी आहे की ठेवली तर सैल होत जाते, मळली की लगेच लाटायला घ्या.

दुकानात कधी आणायचं ते पण सांगते. रिकामं भांडं लावून चालवल्यावरही स्विच उडत असेल तर मशीनमध्येच दोष आहे, बटण दाबत बसू नका. मशीनच्या जाळीतून आत थोड्या बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे, पण मोठ्या पिवळ्या ठिणग्या, गती कमी-जास्त होणं, थोपटल्यावर चालू होणं हे कार्बन ब्रश संपल्याचं लक्षण, ते वेळेवर बदलले तर मोटर वाचते आणि खर्च फार नसतो. वार्निश जळल्याचा गोडसर-तिखट वास रिकामं चालवताना पण येत असेल तर मात्र वाइंडिंग गेलंय. तेव्हा दुरुस्तीचा आकडा विचारताना नवीन मोटरचा आणि जुनी भरून घ्यायचा असे दोन्ही विचारा. मशीन घेऊन याल तेव्हा भांडं, दोन्ही पाती आणि चकती पण बरोबर आणा, नुसता खालचा भाग आणला तर घासतंय कुठे ते आम्हाला दिसत नाही.